किलोमागे एक रुपया साठ पैसे

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीचे नाव दोन आकड्यांवर होते: महिन्याला किती टन माल निघतो आणि वर्षाची उलाढाल किती कोटींची. तिसरा आकडा निव्वळ नफ्याचा. तो सप्टेंबरात सीएकडून ताळेबंद सही होऊन आला की बँकेला, आयकर खात्याला आणि भावाभावांना कळतो. हे तिन्ही आकडे चांगले असतानाही ती फाउंड्री दरवर्षी मालकांचे थोडे थोडे भांडवल गिऱ्हाइकाच्या पदरात टाकत असू शकते. मच्छे, होनग्यापासून सीमेपलीकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत ढलाईचा दर एकाच पद्धतीने ठरतो, आणि त्या पद्धतीत मालकाच्या पैशाला किंमत नाही. बँकेच्या पैशाला आहे, हेस्कॉमच्या विजेच्या युनिटला आहे, पिग आयर्नच्या प्रत्येक किलोला आहे. मालकाने तीस वर्षांत धंद्यात ठेवलेला पैसा मात्र फुकट धरला जातो, आणि दर फोडताना आपण एकमेकांशी स्पर्धा करतो ती या फुकटेपणाच्या जोरावर.

नफा-तोटा पत्रकात कर्जाचे व्याज खर्चात जाते, कारण ते कोणाला तरी द्यावे लागते. भागभांडवल आणि राखीव निधी यांच्यावर काहीच वजा होत नाही, कारण मालक मागायला येत नाही. म्हणून 'निव्वळ नफा' या ओळीत दोन गोष्टी एकत्र असतात. मालकाने हाच पैसा तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी लावला असता तर मिळाला असता तेवढा मोबदला ही पहिली. त्याच्या वर जे खरोखर कमावले, किंवा जे कमी पडले, ती दुसरी. पहिली वजा केल्यावर जी उरते ती ईव्हीए, म्हणजे आर्थिक मूल्यवर्धन.

कल्पना नवी नाही. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच लिहून ठेवले आहे की मालकाच्या भांडवलावरचे व्याज चालू दराने वजा केल्यावर उरते तीच त्याची धंद्यातली कमाई. जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात आणि जनरल इलेक्ट्रिकने १९५० च्या दशकात आपल्या विभागांना हे माप लावले. न्यूयॉर्कच्या स्टर्न स्ट्यूअर्ट या सल्लागार संस्थेने १९९० च्या सुमारास त्याला ईव्हीए हे नाव देऊन त्यावर ट्रेडमार्क घेतला. आपल्याकडे इन्फोसिस आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांनी आपल्या वार्षिक अहवालांत ईव्हीएचे तक्ते छापले आहेत. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांत ही शिस्त पोहोचली. तिची जास्त गरज ज्यांना होती, त्या घरगुती मालकीच्या कारखान्यांत ती आली नाही. तिथे शेअर बाजार रोज भाव सांगत नाही आणि वर्षानुवर्षे भांडवल झिजत राहिले तरी कोणी ओरडत नाही.

आता हिशेब मांडू. उदाहरण कल्पित आहे, पण आकड्यांचे प्रमाण या धंद्यात असणाऱ्याला ओळखीचे वाटेल. दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. ग्रे आयर्नच्या कास्टिंग्ज, त्यातल्या काही मशीन करून. महिन्याला २०० टन म्हणजे वर्षाला २४ लाख किलो, सरासरी दर किलोला १०० रुपये, उलाढाल २४ कोटी. घसारा धरून सगळा खर्च गेल्यावर व्याजापूर्वीचा नफा १ कोटी ६० लाख. बँकेचे कर्ज, मुदतीचे आणि सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचे मिळून, ५ कोटी. १० टक्क्यांनी व्याज ५० लाख. करापूर्वी १ कोटी १० लाख उरतात. कंपनीने सवलती सोडून २२ टक्क्यांचा दर निवडला असेल तर अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर लागतो, तो सुमारे २७ लाख ७० हजार. निव्वळ नफा ८२ लाख ३० हजार. भावांनी पेढे वाटावेत असा आकडा.

आता दुसरी बाजू. मशिनरी, शेड, भट्टी, जागा यांची पुस्तकातली किंमत ५ कोटी. कच्चा आणि तयार माल २ कोटी ६० लाख. गिऱ्हाइकांकडून येणे ९० दिवसांचे, म्हणजे साधारण ६ कोटी. पुरवठादारांचे देणे २ कोटी ६० लाख वजा. धंद्यात अडकलेले एकूण भांडवल ११ कोटी. (जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवला आहे. प्रत्यक्षात तो त्रास वाढवतो, कारण गिऱ्हाईक तीन महिन्यांनी पैसे देते आणि त्या बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरावा लागतो.) ११ कोटींतले ५ कोटी बँकेचे, म्हणून ६ कोटी भावांचे. त्यावर १५ टक्के आकार, म्हणजे मालकांच्या पैशाचा मोबदला, धरला तर ९० लाख. नफा ८२ लाख ३० हजार, आकार ९० लाख. ईव्हीए उणे ७ लाख ७० हजार.

हाच हिशेब वरूनही करता येतो आणि पडताळ्यासाठी करावाच. व्याजापूर्वीच्या १ कोटी ६० लाखांतून कर काढला की १ कोटी १९ लाख ७० हजार राहतात. कर्जाचे व्याज करबचत धरून ३७ लाख ४० हजार आणि मालकांचा आकार ९० लाख, मिळून भांडवलाचा खर्च १ कोटी २७ लाख ४० हजार. फरक तोच, उणे ७ लाख ७० हजार. दोन्ही वाटांनी उत्तर जुळले नाही तर बहुतेक वेळा व्याजावरची करबचत एकदा विसरलेली असते किंवा दोनदा मोजलेली असते.

इथे पहिला आक्षेप येतो: १५ टक्के कुठून आणले? एफडीला सात मिळतात, सातच धरा. हा युक्तिवाद टिकत नाही. बँकेकडे जागेचे तारण आहे, दोघा भावांची वैयक्तिक हमी आहे, कारखाना बुडाला तर पहिला हक्क तिचा आहे. तरी ती १० टक्के मागते. तिच्या मागे रांगेत उभा असलेला, हमी नसलेला, वाईट वर्षात काहीच न मिळणारा पैसा तिच्याहून स्वस्त असू शकत नाही. नोंदणीकृत कंपन्यांसाठी सरकारी रोख्याचा दर, त्यावर शेअर बाजाराच्या जोखमीची भर, ती त्या उद्योगाच्या चढउतारानुसार कमीजास्त, असे गणित करतात. वाहन उद्योगाच्या फेऱ्यावर हेलकावणाऱ्या, शेअर विकून बाहेर पडता न येणाऱ्या फाउंड्रीला ते लावले तर १४ ते १६ च्या खाली येणे अवघड आहे. १२ टक्के धरले तर आपल्या उदाहरणात आकार ७२ लाख होतो आणि ईव्हीए उणे न राहता अधिक दहा लाख दिसतो, हे खरे. म्हणून दरावरून भांडण्यापेक्षा आधी एक भागाकार करावा: ८२.३ भागिले ६००, म्हणजे १३.७ टक्के. या दराला ईव्हीए शून्य होतो. या धंद्यातल्या जोखमीला १३.७ टक्के पुरेसे आहेत का, एवढाच प्रश्न मालकाने स्वतःला विचारायचा. उत्तर काहीही येवो, ठरवलेला दर पुढची चार-पाच वर्षे बदलायचा नाही. दर वर्षी सोयीने हलवला की मापच उरत नाही.

गंमत अशी की आपल्या आयकर कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६१ च्या कायद्याचे कलम ४०(ब) भागीदारी संस्थेला भागीदारांच्या भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत साधे व्याज खर्चात दाखवू देत आले, फक्त भागीदारीपत्रात तशी तरतूद हवी. आपली फाउंड्री भागीदारीत असती तर ६ कोटींवर ७२ लाख व्याज वजा होऊन करापूर्वीचा नफा १ कोटी १० लाखांऐवजी ३८ लाख दिसला असता. भट्टी तीच, गिऱ्हाईक तेच, माणसे तीच. बँकेच्या सल्ल्याने किंवा निर्यातीच्या आशेने भागीदारीची कंपनी केली की एका रात्रीत नफा जवळजवळ तिप्पट होतो आणि 'कंपनी केल्यापासून बरे चालले आहे' असे घरात बोलले जाते. त्या वर्षी गिऱ्हाइकाने दरात कपात मागितली तर ती देण्याचा धीरही याच फुगलेल्या आकड्यातून येतो. (१२ टक्के ही करासाठी घातलेली मर्यादा आहे, भांडवलाची खरी किंमत नाही, तरी शून्यापेक्षा ती सत्याच्या फार जवळ आहे.)

स्टर्न स्ट्यूअर्टने ताळेबंदात दीडशेहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या होत्या. घरगुती कारखान्याला त्यातल्या बहुतेक नकोत. तीन मात्र टाळता येत नाहीत, कारण इथे आकडा नेमका तिथेच लपतो.

पहिली, मालकांचा पगार. दोघे भाऊ महिन्याला ५०-५० हजार उचलतात. एक भट्टी आणि मोल्डिंग सांभाळतो, दुसरा गिऱ्हाईक आणि मशीन शॉप. त्यांच्या जागी बाहेरचा माणूस ठेवायचा तर प्रत्येकी सव्वा लाखाखाली कोणी मिळणार नाही असे धरू. वर्षाला १८ लाखांचा पगार नफ्याच्या वेषात बसला आहे. कर वगळून तो साडेतेरा लाख.

दुसरी, जागा. वडिलांनी घेतलेल्या प्लॉटची पुस्तकातली किंमत १० लाख, आजची ३ कोटी. इथे घाई करून ३ कोटींवर १५ टक्के लावू नयेत. जमिनीचा मोबदला काही भाव वाढून मिळतो, काही भाड्याने. भाववाढ मालकाकडेच राहते, धंद्याने ती भरून द्यायची नसते. धंद्याने भाडे भरायला हवे. तसा प्लॉट शेडसाठी भाड्याने दिला तर महिन्याला एक लाख येतील असे धरले, तर वर्षाचे १२ लाख, कर वगळून नऊ लाख. मग जमिनीचे पुस्तकातले १० लाख भांडवलातून काढायचे, नाहीतर जमीन दोनदा मोजली जाते. तेवढ्याने आकार दीड लाखाने कमी होतो.

तिसरी दुरुस्ती आपल्या उदाहरणात नाही, पण खूप कारखान्यांत असते: घरचे बिनव्याजी पैसे. काकांचे, सासऱ्यांचे, आईच्या नावावरचे, ताळेबंदात 'असुरक्षित कर्जे' म्हणून पडून असलेले. बँक ते आपले कर्ज फिटेपर्यंत काढायचे नाहीत असे लिहून घेते आणि प्रमाणे काढताना स्वतः ते मालकांच्या भांडवलातच धरते. बँक धरते तर मालकानेही धरावे आणि पूर्ण १५ टक्के लावावेत.

पगार आणि जागा धरल्यावर आपल्या फाउंड्रीचा ईव्हीए उणे ७ लाख ७० हजारांवरून सुमारे उणे २९ लाखांवर जातो. पुस्तकात ८२ लाखांचा नफा; तरी भावांचे भांडवल, श्रम आणि जागा यांचा बाजारभाव द्यायला २९ लाख कमी पडतात. ही कमतरता भरून काढण्याइतके करापूर्वीचे उत्पन्न हवे म्हणजे ३८ लाख. २४ लाख किलोंनी भागा. किलोमागे एक रुपया साठ पैसे.

या आकड्याकडे थोडे थांबून पाहावे. शंभर रुपयांच्या दरात १.६० रुपये, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. गिऱ्हाईक कंपनीचा खरेदी विभाग दरवर्षी दोन-तीन टक्के कपात मागतो, आणि 'मार्जिन आहे ना, दोन टक्के सोडा' या वाक्यावर बेळगावात आणि कोल्हापुरात दर सुटतो. जे सोडले ते मार्जिन नव्हतेच. बँकेने व्याज दोन टक्क्यांनी वाढवले तर आपण चेंबरमध्ये ठराव करतो; आपल्याच पैशाचा मोबदला आपण एका ईमेलवर सोडून देतो.

दर वाढवून मिळत नाही, हे उत्तर लगेच येईल, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. म्हणून ईव्हीएचा खरा उपयोग दुसरीकडे आहे: भांडवल कमी लागेल असे करण्यात. नफा-तोटा पत्रकात ९० दिवसांची उधारी कुठेच दिसत नाही, फार तर व्याजाच्या ओळीत पुसटशी. ईव्हीएच्या हिशेबात ती ६ कोटींची सर्वांत मोठी ओळ होऊन समोर येते, पाच कोटींच्या मशिनरीहून मोठी. उधारी ४५ दिवसांवर आली तर जवळजवळ ३ कोटी सुटतात. ते सीसीत भरले तर कर वगळून वर्षाला २२ लाख व्याज वाचते आणि २९ लाखांची तूट सात लाखांच्या आत येते. मग दरात फक्त ३६ पैसे मागायचे राहतात. वाटाघाटीला बसताना हा फरक फार मोठा आहे: दीड रुपया मागणारा माणूस यादीतून बाद होतो, ३६ पैसे आणि ४५ दिवस मागणाऱ्याशी बोलणे सुरू राहते.

४५ दिवसांमागे कायदाही आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी झाल्यामुळे २४ कोटींची आपली फाउंड्री त्यात सहज बसते. शिवाय आयकराचा नियम सांगतो की मुदतीबाहेर राहिलेली रक्कम गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. तिप्पट व्याजाचा दावा कोणी लावत नाही, कारण दावा लावणाऱ्याची पुढची ऑर्डर येत नाही. पण टीआरईडीएस, म्हणजे बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवण्याची ऑनलाइन व्यवस्था, हा बिनभांडणाचा मार्ग आहे. २५० कोटींहून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करायची होती ती मार्च २०२५ पर्यंत. गिऱ्हाइकाने तिथे बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात. बट्ट्याचा दर गिऱ्हाइकाच्या पतीवर ठरतो, आपल्या नाही, आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर बँक आपल्यामागे लागत नाही. गिऱ्हाईक नावाजलेले असेल तर तो दर आपल्या सीसीपेक्षा कमी पडतो. इथले बरेच मालक 'बट्टा कापला जातो' म्हणून नको म्हणतात. कापलेला बट्टा खर्चात दिसतो, ९० दिवस अडकलेले भांडवल दिसत नाही. न दिसणारा खर्च त्यांना स्वस्त वाटतो.

दर ठरवण्याच्या तक्त्यातच दोष आहे, आणि तो आपण निमूट भरून देतो. मोठ्या कंपन्या कास्टिंगचा उघडा कॉस्टिंग तक्ता मागतात: धातू, वितळवणे, कोअर, मोल्डिंग, फेटलिंग, रिजेक्शन, मशीनिंग, वरखर्च, आणि शेवटी नफा, प्रक्रियेच्या खर्चाच्या अमुक टक्के. नफा खर्चावर टक्क्यांत असला की भांडवल किती लागले याचा प्रश्नच उरत नाही. माणसाच्या हाताने होणारे काम आणि ४० लाखांच्या व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होणारे काम यांचा खर्च सारखा असेल तर नफाही सारखा मिळतो. व्हीएमसीचा तासाचा दर पाहा. पंधरा वर्षांचे आयुष्य धरून घसारा वर्षाला २ लाख ६७ हजार. मशीन वर्षात ४,००० तास चालले तर तासाला ६७ रुपये. कर्ज आणि स्वतःचे पैसे मिळून १२ टक्के मोबदला धरला, तर ४० लाख पंधरा वर्षांत समान हप्त्यांनी परत यायला वर्षाला ५ लाख ८७ हजार लागतात, तासाला १४७ रुपये. काम कमी असून मशीन एकाच पाळीत २,००० तास चालले तर २९४. तक्त्यात ६७ धरून घेतलेले काम मशीन व्यस्त ठेवते, उलाढाल वाढवते, मालकाला दमवते आणि भांडवल खाते. शॉपमध्ये नवी व्हीएमसी आली की आपण तिची पूजा करतो. तिच्या तासाचा पूर्ण दर काढून तक्त्यात लिहिण्याचे काम मात्र राहून जाते.

म्हणून माझे म्हणणे आहे की इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या संघटनांनी एक समान कॉस्टिंग तक्ता तयार करावा आणि त्यात 'भांडवल आकार' ही वेगळी ओळ, किलोमागे किंवा तासामागे, ठेवावी. दर एकत्र बसून ठरवायचा नाही. तसे करणे स्पर्धा कायद्यात बसणारही नाही. प्रत्येकाने आपला दर आपला ठरवावा, पण ओळ सगळ्यांच्या तक्त्यात असावी. खरेदी विभागाने ती खोडली तरी खोडली गेली हे दोघांना कळेल. आज ती नसल्याने काय सोडले हे देणाऱ्यालाच माहीत नसते. शाखा व्यवस्थापकांनीही नव्या प्रकल्प अहवालात कर्जफेडीच्या प्रमाणाबरोबर ही ओळ मागायला हरकत नाही. कर्जफेडीचे प्रमाण बँकेचे पैसे परत येतील का एवढेच सांगते. मालकाचे येतील का, हे कोणीतरी विचारायला हवे.

मापाचे स्वतःचे खोटेपण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. वरचीच व्हीएमसी घ्या. सरळ रेषेने घसारा धरला तर पहिल्या वर्षी तिचा घसारा आणि १२ टक्के आकार मिळून साडेसात लाख होतात. दहाव्या वर्षी पुस्तकातली किंमत १६ लाखांवर आलेली असते, त्यामुळे तोच आकडा ४ लाख ६० हजारांवर उतरतो. मशीन जुने झाले, स्पिंडल आवाज करू लागले, रिजेक्शन वाढले, आणि ईव्हीए मात्र आपोआप सुधारला. ज्या कारखान्यात मुलाचा किंवा मॅनेजरचा बोनस ईव्हीएवर ठरतो, तिथे नवे मशीन घेणे टाळले जाते, कारण घेतल्या वर्षी आकडा पडतो. खूण सोपी आहे: ईव्हीए वाढतो आहे, पण मशिनरीची निव्वळ किंमत दरवर्षी घटते आहे आणि मेंटेनन्सचा खर्च वाढतो आहे. असे दिसले तर सुधारणा झालेली नाही, मशिनरी खाल्ली जात आहे. उपाय म्हणजे वर दाखवला तसा सगळ्या वर्षांना समान हप्ता धरणे. तासाचा दरही मग जुन्या-नव्या मशीनला खोटा फरक दाखवत नाही.

दुसरी खोटी जागा ३१ मार्चची. वर्षअखेरीला वसुलीचा जोर लावलेला असतो, माल कमी केलेला असतो किंवा बँकेची मर्यादा टिकवायला उलट फुगवलेला असतो. त्या एका दिवसाच्या आकड्यावर वर्षाचे भांडवल मोजले तर उत्तर कोणत्याही बाजूला चुकते. यासाठी वेगळे काम करावे लागत नाही. सीसी असलेला प्रत्येक कारखाना दरमहा बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. त्यात माल, येणे आणि देणे लिहिलेले असते. बारा स्टेटमेंटांची सरासरी काढली की खेळते भांडवल मिळते. ते ताळेबंदातल्या आकड्याशी अजिबात जुळत नसेल तर ईव्हीए बाजूला ठेवून आधी दोन्हींतले कोणते खरे ते शोधावे.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळाच आहे. ईव्हीए उणे आहे म्हणून कारखाना बंद करायचा का? पन्नास-साठ कुटुंबे त्यावर जगतात, मशीन विकायला काढले तर भंगारापेक्षा फार काही येणार नाही. हा आक्षेप हिशेबाच्या अंगानेही बरोबर आहे. चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरवताना ६ कोटींच्या पुस्तकी भांडवलावर आकार लावायचाच नसतो. आज मोडले तर कर्ज फेडून हातात जे येईल त्यावर लावायचा. ते अडीच कोटी असेल, तर १५ टक्क्यांनी साडेसदतीस लाख. जागा त्या अडीच कोटींत आलीच आहे, म्हणून तिचे भाडे वेगळे मोजायचे नाही. पगाराची दुरुस्ती मात्र राहते. ती धरूनही फाउंड्री जवळजवळ ६९ लाख कमावते. चालू ठेवणे शहाणपणाचे आहे. पण तीच फाउंड्री आणखी ४ कोटींची नवी मोल्डिंग लाइन टाकायला निघाली, तर त्या ४ कोटींना भंगाराचा भाव लावता येत नाही. ते अजून बँकेत आहेत, त्यांना दुसरीकडे जायची मोकळीक आहे, त्यांच्यावर पूर्ण आकार लागतो. सध्याच्या दराने आणि ९० दिवसांच्या उधारीवर वाढलेला प्रत्येक किलो आपली १.६० रुपयांची तूट बरोबर घेऊनच येईल, आणि विस्ताराच्या समारंभात उलाढाल चाळीस कोटींवर नेण्याचे जाहीर होईल.